एकवीसपैकी सात सोमवारचे

रेस्टॉरंटमध्ये पाणी आणून ठेवणारा मुलगा वेगळा असतो आणि उष्टी ताटं उचलणारा वेगळा. काळं जाकीट घालून, हातात छोटं मशीन किंवा पॅड घेऊन जो शांतपणे टेबलाशी येतो, तो कॅप्टन. ऑर्डर तो घेतो, किचनला जाणारी केओटी म्हणजे ऑर्डरची चिठ्ठी तो काढतो, स्टार्टर संपत आले की मेन कोर्स सोडायला तो सांगतो, आणि भाजीत केस निघाला तर पहिली बोलणी तोच खातो. त्याच्या हाताखाली दोन-तीन स्टुअर्ड, वर मॅनेजर, आणि आत किचनमध्ये शेफ. तिघांच्या कात्रीत उभं राहून हसायचं, हा त्याच्या नोकरीचा मोठा भाग.

या माणसाच्या कामाबद्दल वर्षातून एकदा-दोनदा लेखी काही द्यायची पद्धत आता बऱ्याच ठिकाणी आली आहे. मी पुण्यात एका नव्वद खुर्च्यांच्या रेस्टॉरंटचा मॅनेजर होतो तेव्हा आमच्याकडेही होती. पद्धत होती म्हणजे छापील फॉर्म होता. त्यात ग्रूमिंग, पंक्च्युअ‍ॅलिटी, कम्युनिकेशन, टीमवर्क असे रकाने आणि प्रत्येकापुढे पाचपैकी गुण. खाली रिमार्क. माझ्याआधीच्या मॅनेजरने एका कॅप्टनच्या फॉर्मवर रिमार्कमध्ये इंग्रजीत दोन वाक्यं लिहिली होती. त्यांचा अर्थ असा, की कामाला चांगला आहे, पण संवाद सुधारायला हवा. खाली कॅप्टनची सही. सही देवनागरीत होती.

हा कॅप्टन परभणीकडचा. पाच वर्षं आमच्याकडे, त्याआधी तीन वर्षं दुसरीकडे. टेबलाशी चालेल इतकं इंग्रजी त्याला उत्तम येतं, पण परिच्छेदभर वाचत बसणं त्याला आवडत नाही. ‘संवाद सुधारायला हवा’ याचा त्याने काय अर्थ घेतला, असं मी नंतर एकदा विचारलं. तो म्हणाला, “सर, मला वाटलं माझं इंग्लिश कच्चं आहे म्हणतायत. म्हणून मी क्लास लावला होता दोन महिने.” मॅनेजरला म्हणायचं होतं की तू किचनला निरोप नीट देत नाहीस. दोन महिन्यांची फी गेली आणि निरोप तसेच राहिले.

म्हणून २०२५ च्या एप्रिलमध्ये जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांचा कागद लिहायची पाळी माझ्यावर आली, तेव्हा मी फॉर्म बाजूला ठेवला आणि मराठीत लिहायला बसलो. बसल्यावर पहिल्या पाच मिनिटांत लक्षात आलं की मला काहीच आठवत नाही. मागच्या आठवड्यातलं आठवतं, आणि जे फार वाईट झालं तेवढं आठवतं. कॅप्टनचं काम असंच आहे. रात्री साडेअकराला टेबलं पुसली की दिवसभराचं सगळं पुसलं जातं. उरतं ते बिलिंग मशीनमध्ये आणि तक्रारवहीत, आणि तक्रारवहीत कौतुक कोणी लिहीत नाही. त्यामुळे मॅनेजरने स्वतःची वही ठेवली नसेल तर कागदावर दोष तारखेनिशी येतात आणि गुण ‘चांगला आहे’ या दोन शब्दांत. मग समतोल साधायला कितीही गोड शब्द घातले तरी वाचणाऱ्याला वजन कुठे आहे ते कळतंच.

माझी वही होती, पण अर्धवट. रोज ब्रीफिंगच्या आधी आदल्या रात्रीच्या एक-दोन गोष्टी लिहायचो. त्यातली एक नोंद अशी सापडली : ‘टेबल ६, काका-काकू. उजवीकडे उभा राहतो.’ हे दांपत्य दर गुरुवारी यायचं. काकांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं. हे कोणी कॅप्टनला सांगितलं नव्हतं, त्याने स्वतः ताडलं होतं आणि तेव्हापासून तो ऑर्डर घ्यायला त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहायचा. शिवाय दोघं सावकाश जेवतात म्हणून चार फुलके एकदम न आणता दोन-दोन करून मागवायचा. कागदावर मी पहिली गोष्ट हीच लिहिली, आणि पुढे लिहिलं, ‘टेबल बघून जेवणाचा वेग ठरवणं तुम्हाला जमतं. आपल्या चार कॅप्टनांमध्ये हे सगळ्यात चांगलं तुम्हाला जमतं. नव्या स्टुअर्डना हे तुमच्याकडून शिकायला मिळावं अशी माझी इच्छा आहे.’

कौतुक इतकं बारीक लिहायचं ते माणसाला बरं वाटावं म्हणून नाही, किंवा फक्त तेवढ्यासाठी नाही. आपल्याला काय टिकवायचं आहे हे त्याला कळायला हवं. ‘पाहुण्यांशी वागणूक चांगली’ असं लिहिलं असतं तर तो जास्त हसला असता, जास्त वाकला असता. उजवीकडे उभं राहणं हे कौशल्य आहे, हे त्याला कळलंच नसतं.

प्रशिक्षणात सांगतात की आधी कौतुक, मध्ये दोष आणि शेवटी पुन्हा कौतुक, असं सँडविच करावं. इतरांना ते चालत असेल. कॅप्टनपुढे हा प्रयोग करू नये, कारण त्याचा तो धंदाच आहे. सुरमई संपली हे सांगायच्या आधी तो रोज पापलेटचं कौतुक करत असतो. तुमचं पहिलं गोड वाक्य ऐकताच त्याला कळतं की आता काहीतरी संपलेलं आहे. मी कागदाचे सरळ तीन भाग केले. चांगलं काय, चुकलं काय, पुढच्या सहा आठवड्यांत काय बदलायचं. एकात दुसरं मिसळलं नाही.

चुकांच्या भागात माझ्या पहिल्या मसुद्यात चार गोष्टी होत्या. त्यातली एक आमच्या शेठनी घालायला सांगितली होती : ‘सर्व्हिस चार्जवरून पाहुण्याशी वाद.’ मार्चमध्ये एका गृहस्थांनी बिलातला सर्व्हिस चार्ज काढायला सांगितला, कॅप्टनने काढायला वेळ लावला, आवाज चढले. घडलं हे खरं. पण सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावायचा नाही, द्यायचा की नाही ते ग्राहकाने ठरवायचं, अशा सूचना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच काढल्या होत्या. दिल्ली उच्च न्यायालयाने त्या मार्च २०२५ च्या अखेरीस उचलूनही धरल्या. आमच्या मशीनमध्ये तो आपोआप लागत होता आणि काढायचा तर माझा पासवर्ड लागायचा. मी त्या वेळी वर ऑफिसात होतो. मग चूक कोणाची? शेठना हे सांगायला मला दोन दिवस लागले, पण ती ओळ खोडली. कॅप्टनच्या कागदावर अशा उसन्या चुका फार येतात. पदार्थ उशिरा आला, एसी चालला नाही, मेन्यूत भाव जुना छापला. पाहुण्यासमोर कॅप्टन उभा असतो म्हणून सगळं त्याच्या नावावर चढतं. लिहिताना प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारावा : त्या क्षणी हे बदलणं त्याच्या हातात होतं का?

दुसरी ओळ मशीनच्या रिपोर्टवरून आली होती. ‘तीन महिन्यांत तुमच्या लॉगिनवरून २१ केओटी रद्द झाल्या.’ इतर तिघांच्या आठ-दहा होत्या. आकडा एकदम ठोस वाटला. वाटलं, यावर कोणी वाद घालू शकणार नाही.

कागद द्यायला मी दुपारी चारची वेळ निवडली. आमच्याकडे ब्रेक शिफ्ट असायची. सकाळी अकरा ते साडेतीन आणि संध्याकाळी साडेसहा ते बंद होईपर्यंत. रात्री बारानंतर असं काही बोलू नये, माणूस पायावर उभा नसतो. कॅश काउंटरपाशी तर नाहीच. मागच्या कोपऱ्यातल्या चार नंबरच्या टेबलावर दोन चहा मागवले, कागद त्याच्या हातात दिला आणि गप्प बसलो. रोज त्याला ‘अरे, आठला पाणी दे’ म्हणणारा मी कागदात ‘तुम्ही’ म्हणत होतो. तेवढ्यानेच तो थोडा अवघडला. काका-काकूंची ओळ वाचून वर बघितलं, काही बोलला नाही. मग २१ च्या ओळीवर थांबला. रिपोर्टची पानं मी जोडली होती, ती त्याने उलटली. बोट ठेवत ठेवत खाली आला.

“सर, यातल्या सात सोमवारच्या आहेत.”

“मग?”

“सोमवारी माझी सुट्टी असते.”

सोमवारी त्याची टेबलं एक सीनियर स्टुअर्ड सांभाळायचा. त्याला स्वतःचा पासवर्ड काढून द्यायचं काम माझ्याकडे डिसेंबरपासून पडून होतं, म्हणून तो कॅप्टनचा वापरायचा. मी मान खाली घालून पेन काढलं आणि २१ खोडून १४ केलं. मग आम्ही दोघांनी मिळून उरलेल्या चौदा बघितल्या. पाच ठिकाणी पाहुण्याने मन बदललं होतं. तीन ठिकाणी केओटी गेल्यावर किचनने आयटम संपल्याचं कळवलं होतं. खऱ्या त्याच्या चुका सहा.

तीन महिन्यांत सहा. तो रोज दोन्ही वेळ मिळून साधारण बावीस टेबलं करतो, म्हणजे सुट्ट्या वगळून सतराशेच्या आसपास. सतराशेत सहा. हा आकडा घेऊन ‘चुका निम्म्यावर आणा’ असं ध्येय देणं हास्यास्पद झालं असतं. पुढच्या तिमाहीत तीन झाल्या काय आणि पाच झाल्या काय, त्यातून तो सुधारला की नशीब बरं होतं हे कोणालाच सांगता आलं नसतं. पण त्या सहा केओटी शेजारी-शेजारी ठेवल्यावर दुसरंच काही दिसलं. पाच केओटी शनिवार-रविवारच्या, रात्री साडेआठ ते दहामधल्या. आणि त्यांतल्या दोन जैन ऑर्डरी.

त्यांतली एक मला चांगली आठवत होती. ८ मार्च, शनिवार, रात्रीचे नऊ वाजून गेलेले. टेबल ११ वर सहा जणांचं कुटुंब, त्यांनी जैन पनीर मखनी सांगितली. जैन म्हणजे कांदा, लसूण, बटाटा, गाजर काही नाही. किचनमध्ये मखनीची ग्रेव्ही सकाळीच मोठ्या पातेल्यात तयार असते आणि तीत लसूण असतो. जैन हवी असेल तर टोमॅटो आणि काजूची ग्रेव्ही वेगळ्या कढईत करावी लागते. हे आचाऱ्याला कळणार कसं? केओटीवर पदार्थाखाली ‘जैन’ छापून आलं तरच. कॅप्टनने केओटी साधी पनीर मखनीची काढली आणि पिकअप काउंटरवरून आत ओरडून सांगितलं, “अकराचं जैन!” तंदूरवरचा एक्झॉस्ट पूर्ण वेगात, दोन बर्नर भडकलेले. आचाऱ्याने हातातल्या चिठ्ठीवर विश्वास ठेवला. टेबलावर आजींनी दुसऱ्या घासाला ताट पुढे सरकवलं आणि पाणीही प्यायल्या नाहीत. भाजी बिलातून काढली, माफी मागितली, पण त्या कुटुंबाचं जेवण तिथेच संपलं.

त्याच्या कागदावर हे मी असं लिहिलं : ‘८ मार्चला टेबल ११ ची जैन सूचना तुम्ही केओटीवर न टाकता तोंडी दिली. किचनपर्यंत ती पोचली नाही. अशी दुसरी घटना २२ फेब्रुवारीची. दोन्ही वेळा गर्दी होती. गर्दीत तुम्ही टेबलाशी ऑर्डर परत वाचून दाखवणंही सोडता, त्यामुळे चूक पदार्थ टेबलावर येईपर्यंत पकडली जात नाही.’ यात ‘निष्काळजी’ हा शब्द नाही. निष्काळजी हे माणसाचं वर्णन झालं, त्यावर तो फक्त भांडू शकतो किंवा गप्प बसू शकतो. तोंडी दिलं हे घडलेलं आहे, उद्या करू नये असं ते ठरवता येतं.

यावर त्याचं म्हणणं होतं, आणि ते मी कागदाच्या खाली त्याच्याच हाताने लिहून घेतलं. मशीनवर जैन टाकायचं तर पदार्थ निवडा, मग मॉडिफायर, मग ‘इतर’, मग टाइप करा. चार पायऱ्या. शनिवारी रात्री तीन टेबलं हात वर करून उभी असताना चार पायऱ्या कोणी करत नाही, बाकीचे तिघेही करत नाहीत, त्यांच्याकडे फक्त जैन टेबलं कमी येतात. मी मशीन हातात घेऊन स्वतः करून बघितलं. त्याचं खरं होतं. मग कागदावर माझ्या नावाने एक ओळ वाढली : ‘‘जैन’ आणि ‘तिखट कमी’ ही दोन बटणं पहिल्याच पानावर आठ दिवसांत आणून देणं – मॅनेजर.’

तिसरी गोष्ट त्याला जास्त लागली. १४ फेब्रुवारीच्या रात्री एका नव्या स्टुअर्डच्या हातून ट्रे कलंडला आणि कॅप्टन भर फ्लोअरवर ओरडला, “आंधळा आहेस काय?” शेजारच्या टेबलावरचं जोडपं दचकून बघायला लागलं. मी लिहिताना पाहुण्यांवर फार भर दिला नाही. खरं नुकसान पुढच्या दोन दिवसांत झालं होतं. तो मुलगा कॅप्टनला काही विचारायला घाबरायला लागला. सोळा तारखेला हातात बिर्याणी घेऊन तो आठ नंबरवर गेला. त्याला खात्री नव्हती, पण विचारून बोलणी खाण्यापेक्षा अंदाज बांधणं त्याला परवडलं. बिर्याणी नऊची होती. हे कारण-परिणाम मांडलं तेव्हा कॅप्टन म्हणाला, “ते मला माहीतच नव्हतं.” नसणारच. ज्याला भीती वाटते तो येऊन सांगत नाही.

उरली ध्येयं. इथे शेठचा आग्रह होता की माणशी सरासरी बिल वाढवायचा आकडा द्यावा. मी नाही म्हटलं. सरासरी बिल कोणाला कोणती टेबलं मिळतात यावर ठरतं. काचेकडच्या टेबलांवर मोठी कुटुंबं बसतात, आतल्या बाजूला ऑफिसातली दोघं-तिघं. शिवाय तो आकडा दिला की कॅप्टन काय करतो हे मी पाहिलेलं आहे. न विचारता बाटलीचं पाणी फोडतो, चौघांना तीन भाज्या पुरत असताना पाच सुचवतो. महिनाभर आकडा सुंदर दिसतो आणि नंतर काका-काकू गुरुवारचे यायचे बंद होतात.

मी दोनच ध्येयं लिहिली. पहिलं : ‘प्रत्येक टेबलाची ऑर्डर घेतल्यावर ती तिथेच परत वाचून दाखवायची, आणि जैन किंवा वर्ज्य पदार्थाची सूचना केओटीवर छापल्याशिवाय केओटी सोडायची नाही. बटण येईपर्यंत हाताने चिठ्ठीवर लिहायचं. दोन आठवडे रोज तुमच्या कोणत्याही दोन टेबलांपाशी मी उभा राहीन आणि फक्त एवढंच बघेन.’ दुसरं : ‘फ्लोअरवर स्टुअर्डला एकच वाक्य, साइड स्टेशनला ये. बाकीचं तिथे, हळू आवाजात. माझ्या स्वतःच्या कानावर जे पडेल तेवढंच मी मोजेन, मुलांना विचारणार नाही.’ हे शेवटचं मुद्दाम घातलं. मुलांकडून चहाड्या गोळा करायला लागलो असतो तर फ्लोअरवर काम करणं अवघड झालं असतं.

पगारवाढीचं काय, असं त्याने विचारलंच. ते जूनमध्ये वेगळं बोलू म्हटलं. दोन्ही एका बैठकीत आलं की माणूस कागद वाचत नाही, शेवटचा आकडा शोधतो.

ठरल्याप्रमाणे मी उभा राहिलो. दोन आठवड्यांतले त्याचे बारा दिवस, चोवीस टेबलं. एकोणीस ठिकाणी ऑर्डर परत वाचली. न वाचलेली पाचही टेबलं आठपेक्षा जास्त माणसांची होती. एवढ्या लोकांची ऑर्डर मोठ्याने वाचायला लागलं की निम्मे आपसात बोलत असतात आणि उरलेले मध्येच बदल सांगतात, म्हणून तो टाळत होता. मग आम्ही खुर्चीचे नंबर धरायला लागलो. दरवाजाकडून पहिली खुर्ची एक, घड्याळाच्या दिशेने पुढे, आणि वाचून दाखवायचं ते सगळ्या टेबलाला नाही, ज्याच्या हातात मेन्यू आहे त्या एकाला. जैनचं बटण मी आठ दिवसांत देणार होतो, प्रत्यक्षात एकोणीस दिवस लागले. तेही सहा आठवड्यांनंतरच्या कागदावर तसंच लिहिलं.

ओरडणं मात्र पूर्ण थांबलं नव्हतं. माझ्या कानावर दोनदा पडलं, दोन्ही वेळा रविवारी, दोन्ही वेळा आधी किचनने त्याला पंधरा मिनिटं पिकअपला लटकवून ठेवलं होतं. दुसऱ्या कागदावर त्या रकान्यात लिहिलं : ‘दोन वेळा. एप्रिलपेक्षा कमी. रविवारच्या पिकअपबद्दल शेफशी मॅनेजरने बोलायचं आहे, तारीख ८ जून.’ त्याने वाचलं, सही केली, आणि तारखेवर बोट ठेवून म्हणाला, “सर, आठ जून रविवार आहे. शेफ बोलणार नाहीत.” मी खोडून नऊ केलं.